पर्कोलेटरची कॉफी कडू का होते, आणि शेतावर पंधरा जणांसाठी ती नीट कशी करायची

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात हात चहावर बसलेला असतो. चहा फिका वाटला की आणखी एक उकळी काढायची, चहा कडक होतो. पर्कोलेटर पहिल्यांदा हाताळणारा माणूस नेमकं हेच करतो. कॉफीचा रंग फिका दिसला की आच वाढवतो आणि भांडं आणखी दहा मिनिटं चुलीवर ठेवतो. मग जे कपात येतं ते कडवट आणि जिभेला कोरडं लागतं. लोक दोन घोट घेऊन उरलेलं गुपचूप गवतात ओततात, आणि दोष कॉफीच्या ब्रँडला जातो.

पर्कोलेटरमध्ये कॉफी कडक करायची ती पूड वाढवून, वेळ वाढवून नव्हे. हे एकदा पक्कं झालं की बाकीच्या पायऱ्या आपोआप समजतात. म्हणून आधी भांड्याच्या आत काय चालतं ते बघू आणि मग शेतावर पंधरा जणांसाठी कॉफी करू.

भांड्यात काय काय असतं

गॅसवर किंवा चुलीवर ठेवायच्या पर्कोलेटरचे भाग मोजकेच. बाहेरचं उंच भांडं, त्यात मधोमध उभी राहणारी पोकळ नळी, नळीच्या खाली घंटेसारखा पसरट पाया, नळीच्या वरच्या भागात अडकवलेली भोकांची वाटी, वाटीवर बसणारी भोकांची चकती, आणि सगळ्यात वर झाकण. झाकणाच्या मध्यावर पारदर्शक घुंडी असते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या हॅन्सन गुडरिच यांनी 1889 मध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं. चुलीवरच्या पर्कोलेटरची मूळ रचना आजही जवळजवळ तीच आहे. त्याला ना आच कमी करणारं बटन, ना वेळ संपली म्हणून सांगणारी शिट्टी. ती दोन्ही कामं आपण करायची.

पाणी भांड्याच्या तळाशी असतं आणि पूड वर वाटीत. तळाला आच लागली की पसरट पायाखालचं पाणी सगळ्यात आधी उकळतं. तिथं तयार झालेले वाफेचे बुडबुडे बाहेर पडायला नळीतून वर जातात आणि जाताना आपल्याबरोबर पाणीही वर ढकलतात. ते पाणी घुंडीवर आपटतं, चकतीवर पसरतं, भोकांतून पुडीवर टपकतं, पुडीतून झिरपतं आणि परत खाली भांड्यात पडतं. इथवर ठीक आहे. पण खाली पडलेलं हे पाणी आता कोरं राहिलेलं नसतं, त्यात कॉफी उतरलेली असते. तीच कॉफी पुन्हा तापते, पुन्हा नळीतून वर चढते आणि त्याच पुडीवर पुन्हा पडते. आच बंद करेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

दक्षिणेकडच्या फिल्टरमध्ये पाणी पुडीतून एकदाच उतरतं आणि खालच्या भांड्यात सुखरूप राहतं. तिथं आपण विसरून गेलो तरी कॉफी थंड होईल, पण आणखी कडू होणार नाही. पर्कोलेटरमध्ये मात्र आपला विसर थेट चवीत उतरतो.

जास्त अर्क म्हणजे नेमकं काय

भाजलेल्या कॉफीच्या वजनाचा साधारण 30 टक्के भाग गरम पाण्यात विरघळू शकतो, उरलेला चोथा. पण तो 30 टक्के एकसारखा नसतो आणि एकदम उतरतही नाही. आधी आंबूस आणि सुगंधी भाग उतरतो, त्यामागून गोडवा आणि भरीवपणा, आणि शेवटी कडू, तुरट, तोंड कोरडं करणारा भाग. कॉफीचा अभ्यास करणारे गेली कित्येक दशकं 18 ते 22 टक्के अर्क चवीला चांगला मानत आले आहेत.

हे आपल्या मापात बघू. वाटीत 100 ग्रॅम पूड घातली तर त्यातून 18 ते 22 ग्रॅम उतरावं, एवढंच आपल्याला हवं आहे. पर्कोलेटर चालत राहिला तर हळूहळू उरलेले आठ-दहा ग्रॅमही तो खेचून काढायला लागतो. लोक ज्याला ‘पर्कोलेटरचा कडूपणा’ म्हणतात, तो या शेवटच्या आठ-दहा ग्रॅमचा.

पर्कोलेटर तिथपर्यंत इतक्या सहज का जातो, याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पुडीवर परत परत पाणी पडतं, हे एक झालं. दुसरं म्हणजे ते पाणी दरवेळी आधीपेक्षा गरम असतं. सुरुवातीला फक्त पायाखालचं पाणी उकळत असतं, भांड्यातलं बाकीचं पाणी त्याहून बरंच कोमट असतं. मंद आच ठेवली तर हा फरक काही मिनिटं टिकतो, आणि चांगली कॉफी व्हायची ती याच मिनिटांत होते. आच मोठी ठेवली की थोड्याच वेळात सगळं भांडं उकळायला लागतं, आणि गरम पाणी कडू भाग फार वेगाने ओढतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असल्याने इथं पाणी 97-98 अंशांना उकळतं. पण कडूपणा टाळायला दोन अंश कमी असून भागत नाही.

आणखी एक गोष्ट कपात दिसत नाही, पण नाकाला कळते. पर्कोलेटर जोरात उसळायला लागला की शेतभर कॉफीचा वास सुटतो आणि सगळे खूश होतात. तो वास म्हणजे कपात राहायला हवा होता तो सुगंध. हवेत गेला तो गेला. पुन्हा पुन्हा तापणाऱ्या कॉफीत कडूपणा वाढत जातो आणि सुगंध कमी होत जातो, म्हणून ती दुहेरी वाईट लागते.

पूड कशी आणायची

अर्धी लढाई इथं जिंकली किंवा हरली जाते, त्यामुळे घाई करू नका.

आपल्याकडे कॉफीच्या दुकानात सहसा मिळते ती फिल्टर कॉफीची बारीक पूड, आणि तीही चिकोरी घातलेली. पर्कोलेटरला ही पूड चालत नाही. बारीक पूड वाटीच्या भोकांतून खाली भांड्यात पडते आणि कॉफी होईपर्यंत तिथं उकळत बसते. जी वाटीत राहते तिचा लगदा होतो, पाणी झिरपत नाही आणि वाटीच्या काठावरून वाहायला लागतं. शिवाय पूड जितकी बारीक, तितका अर्क लवकर उतरतो, आणि इथं आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. चिकोरी तर पाण्यात झटपट उतरते आणि रंग काळाभोर करते, त्यामुळे घुंडीत रंग बघून अंदाज घ्यायची सोयही जाते.

दुकानदाराला स्पष्ट सांगा: चिकोरी नको आणि दळण जाड हवं. किती जाड, असं तो विचारेल. लापशी रव्याएवढं. चिकमगळूर आणि कोडगूची कॉफी आपल्याकडे सहज मिळते, त्यातली अरेबिका घ्या. पीबेरी मिळाली तर तीही उत्तम. रोबस्टा मुळातच कडक आणि कडवट असते. पर्कोलेटरमध्ये तिचा कडूपणा आणखी ठळक होतो, म्हणून निदान शिकताना तरी तिच्यापासून लांब राहा. भाजणीही मध्यम असू द्या. काळपट, तेल सुटलेल्या बिया आधीच कडवटपणाकडे झुकलेल्या असतात.

घरच्या मिक्सरवर दळत असाल तर थोडं थोडं फिरवून थांबा. मिक्सर काही बिया तुकड्यांत ठेवतो आणि काहींचं पीठ करतो. ते पीठ काढायला दळलेली पूड मैद्याच्या चाळणीतून चाळून घ्या. खाली पडेल ते पर्कोलेटरला वापरू नका, घरी फिल्टरला वापरा. एवढ्या एका कामाने तळाला बसणारा गाळ निम्म्याहून कमी होतो.

माप: पंधरा माणसं, एक भांडं

समजा डिसेंबरातली सकाळ आहे, खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कुणाच्या तरी शेतावर मुक्काम आहे आणि पंधरा माणसं उठून शेकोटीभोवती जमली आहेत. अभयारण्याच्या किंवा राखीव जंगलाच्या हद्दीत चूल पेटवायची नसते. भीमगडच्या बाजूला जाणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवावं आणि मालकाला विचारून शेतातच बसावं.

पर्कोलेटरवर ‘14 कप’ असं लिहिलेलं असतं, पण तो कप आपला घरातला मोठा मग नव्हे. पर्कोलेटरचा कप साधारण 150 मिलीचा धरतात. म्हणजे 14 कपांच्या भांड्यात दोन लिटरच्या आसपास पाणी मावतं. आपण त्यात दीड लिटरच घेऊ. वाटी पाण्याच्या पातळीच्या वर राहायलाच हवी. पाणी वाटीला टेकलं तर पूड सतत भिजत राहते आणि वेळेचा सगळा हिशेब कोलमडतो.

दीड लिटर पाण्याला 100 ग्रॅम पूड. काळी कॉफी पिणारेच असतील तर 85-90 ग्रॅमही चालेल, पण आपल्याकडे बहुतेकांना दूध लागतं, म्हणून 100. वजनकाटा घरीच वापरा आणि 100-100 ग्रॅमच्या पुड्या बांधून न्या. शेतावर चमच्याने मोजायला लागलं की गप्पांच्या नादात हमखास चुकतं. वाटीत पूड भरली की वर थोडी जागा उरायला हवी, कारण पूड भिजल्यावर फुगते. 100 ग्रॅम मावत नसेल तर दाबून भरू नका. पूड आणि पाणी दोन्ही त्याच प्रमाणात कमी करा आणि दोनदा करा.

कपात किती येईल? ओली पूड आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, म्हणजे 200 मिली तिथंच गेलं. थोडं वाफेत जाईल. हातात सव्वा लिटर उरेल. पंधरा जणांना प्रत्येकी 80 मिली, वर 40 मिली गरम दूध, म्हणजे एक बऱ्यापैकी कप झाला. त्यासाठी साधारण 600 मिली दूध वेगळ्या पातेल्यात गरम ठेवा. दूध पर्कोलेटरमध्ये कधीच घालायचं नाही. ते नळीत करपतं, उतू जातं आणि नंतर धुऊन निघत नाही.

आता करायला घेऊ

आधी नुसतं पाणी तापवा. नळी आणि वाटी बाहेर ठेवून भांड्यात दीड लिटर पाणी घ्या आणि मोठ्या आचेवर ठेवा. पूड घातलेली वाटी सुरुवातीपासून आत ठेवली तर पाणी तापेपर्यंत पूड खालून येणाऱ्या वाफेवर विनाकारण शिजत राहते. पाण्यात तळाकडून बारीक बुडबुडे येऊ लागले आणि भांडं गुणगुणू लागलं की आचेवरून खाली उतरवा.

तोवर दुसऱ्याने वाटी तयार ठेवावी. वाटी आतून पाण्याने किंचित ओली करून घेतली तर पूड भोकांतून कमी सांडते. पूड घाला, हलकेच हलवून सपाट करा, वर चकती बसवा. नळीच्या वरच्या तोंडात पूड गेलेली नाही ना, ते बघा. मग फडक्याने किंवा सांडशीने नळी धरून ती सरळ भांड्यात सोडा. पाणी गरम आहे, हात वाफेवर आडवा येऊ देऊ नका. झाकण घट्ट बसवा. सैल झाकण उसळीबरोबर उडतं.

आता भांडं परत आचेवर, पण यावेळी आच मध्यम. डोळा घुंडीवर ठेवा. दोन-चार मिनिटांत पहिली उसळी दिसेल, पाणी घुंडीच्या आत आपटेल आणि ‘गुळुक’ असा आवाज येईल. त्या क्षणी आच कमी करा. चवीचा सगळा निकाल या एका हालचालीवर लागतो. पहिल्या काही उसळ्या जवळजवळ पाण्यासारख्या दिसतील. मग मधाच्या रंगाची छटा येईल. मोबाइलवर वेळ लावायची ती पहिल्या रंगीत उसळीपासून, भांडं चुलीवर ठेवल्यापासून नव्हे.

उसळीचा ठेका हा तुमचा काटा. दर दोन-तीन सेकंदांनी एक ‘गुळुक’, एवढा वेग पुरे. आवाज सलग यायला लागला, घुंडीत पाणी थांबेचना, तर आच जास्त आहे आणि भांड्यातली कॉफी उकळायला लागली आहे. लगेच आच कमी करा किंवा भांडं क्षणभर बाजूला घ्या. दोन उसळ्यांमध्ये सात-आठ सेकंद जाऊ लागले तर आच किंचित वाढवा. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी हे कळतं. मी तर शिकणाऱ्याला आधी ऐकायलाच बसवते.

दीड लिटरला सहा ते सात मिनिटं. पाच मिनिटं झाली की घुंडीतला रंग बघा. गडद तपकिरी, पण उजेडात आरपार दिसणारा, असा हवा. घुंडी काळपट दिसायला लागली तर उशीर झाला. दाट ढग असलेल्या सकाळी किंवा शेकोटीच्या पिवळ्या उजेडात रंग फसवतो, तेव्हा रंगापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवा.

याच वेळी कुणीतरी बोलणार. आमच्याकडे शेताचे मालक, गावातले मामा, भांड्यात डोकावून म्हणाले, “अजून जरा उकळू दे की, रंग कुठं आलाय?” मी त्यांना म्हटलं, “मामा, रंग वाढवायचा तर पुढच्या खेपेला मूठभर पूड जास्त घालू. ह्याच पुडीला आता पिळलं तर नुसता कडूपणा येईल.” त्यांनी मान हलवली, पण पटलं ते कप हातात आल्यावर.

सात मिनिटं झाली की आच बंद, भांडं खाली. पुढचं काम नवखे लोक नेहमी विसरतात. वाटी आणि नळी लगेच बाहेर काढा. आच बंद केली तरी वाटीतून थेंब पडत राहतात आणि तो सगळा शेवटचा, तुरट अर्क असतो. फडक्याने धरून वाटी उचला, अर्धा मिनिट भांड्यावर निथळू द्या, जास्त नाही, आणि बाजूला ताटलीत ठेवा. झाकण लावा आणि दोन-तीन मिनिटं भांडं हलवू नका. बारीक कण तळाला बसतील. मग हळू ओता आणि शेवटचा अर्धा कप तळातच राहू द्या.

सगळे एकदम पिणार नसतील तर कॉफी थर्मासमध्ये ओता. आधी थर्मासमध्ये गरम पाणी फिरवून फेकून द्या, म्हणजे कॉफी लगेच निवणार नाही. पर्कोलेटरमध्येच ठेवून मंद आचेवर गरम ठेवू नका. वाटी काढली तरी तापत राहणारी कॉफी कडवट होत जाते. सोबत बेळगावचा कुंदा असेल तर साखर निम्मीच घाला, चव जास्त चांगली कळते.

माणसं तीस असतील तर

मोठा घोळका बघून एकाच भांड्यात जास्त पाणी, जास्त पूड आणि जास्त वेळ असं करू नका. भांडं जितकं भरलेलं, तितका ठेका सांभाळायला कठीण, आणि वाटी पाण्याला टेकायची भीती असतेच. त्यापेक्षा दीड लिटरच्या दोन खेपा करा. पहिली थर्मासमध्ये गेली की चोथा पूर्ण काढा, वाटी आणि नळी पाण्याने खळखळून धुवा, दुसरी पुडी उघडा. जुन्या चोथ्यावर नवी पूड घालून काटकसर करणारे भेटतात. जुन्या चोथ्यात आता फक्त कडू भागच शिल्लक असतो, तो वाचवून काय मिळणार?

दुसऱ्या खेपेला भांडं आधीच तापलेलं असतं, त्यामुळे पहिली उसळी लवकर येते. वेळ मात्र तीच, रंगीत उसळीपासून सहा-सात मिनिटं.

चूल असेल तर

गॅसची शेगडी असेल तर आच हातात असते. फक्त वाऱ्यापासून आडोसा करा, नाहीतर ज्योत भांड्याच्या एका बाजूलाच लागते आणि ठेका तुटक होतो. आणि कितीही थंडी असली तरी शेगडी तंबूच्या आत पेटवू नका. बंद जागेत साठणारा विषारी वायू वासानेही कळत नाही.

लाकडाच्या चुलीवर ज्वाळेत भांडं ठेवलं तर मंद आच शक्यच नाही. आधी लाकडं जळू द्या, मग निखारे एका बाजूला ओढा आणि भांडं त्या निखाऱ्यांवर, तीन दगडांच्या आधाराने ठेवा. आच कमी-जास्त करायची ती भांडं सरकवून. उसळी जलद झाली की एका दगडाकडे सरकवा, मंदावली की परत निखाऱ्यांवर घ्या. घुंडी काचेची आहे की प्लास्टिकची, हे आधी बघून घ्या, ज्वाळेजवळ प्लास्टिक वितळतं. आणि बुडाला ओल्या राखेचा पातळ लेप देऊन मगच भांडं चढवा. आपल्या आज्या पातेल्यांना द्यायच्या तोच. काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते.

कप बिघडला तर कारण ओळखा

कडू आणि कडक यांत फरक असतो, आणि तो ओळखण्याची साधी पद्धत आहे. कपातली थोडी कॉफी दुसऱ्या कपात घ्या आणि तेवढंच गरम पाणी घाला. कडूपणा जाऊन छान लागली तर ती फक्त कडक होती. पुढच्या वेळी पूड थोडी कमी करा किंवा कपात पाणी घाला. पाणी घालूनही घशात कडवट राहिलं, जीभ कोरडी पडली आणि कच्च्या सुपारीसारखं काही चावल्यागत वाटलं, तर अर्क जास्त उतरला आहे. मग पूड कमी करून काही होणार नाही. कारण वेळ, आच किंवा बारीक दळण यांपैकी एक असतं, त्याच क्रमाने तपासा आणि एका वेळी एकच बदला.

उलट चूकही होते. कॉफी पाणचट आणि आंबट लागली तर अर्क कमी उतरला आहे. त्यावेळी एखादं मिनिट वाढवणं योग्य आहे, किंवा पुढच्या वेळी दळण किंचित बारीक करा. पण पाणचट असून आंबट नसेल, चव नीट असून फक्त फिकी असेल, तर मिनिटं वाढवू नका, पूड वाढवा. चहाच्या सवयीने माणूस इथंच फसतो.

जास्त उतरलेला अर्क परत काढता येत नाही. तरी पंधरा माणसं कप घेऊन उभी असतील तर थोडं गरम पाणी घाला आणि दूध नेहमीपेक्षा जास्त वापरा. दुधातली प्रथिनं तुरटपणा बराच शोषून घेतात. सगळ्या भांड्याला चिमूटभर, अगदी चिमूटभरच मीठ घातलं तर कडूपणाची धार बोथट होते. साखर वाढवून कडूपणा जात नाही, कॉफी कडू आणि गोड दोन्ही लागते.

पाणी वरच चढत नसेल तर नळीचा पाया तळाला सपाट टेकला आहे का ते बघा. तिरका बसला असेल तर वाफ बाजूने निसटते. काही भांड्यांत पायाखाली एक सैल चकती असते, ती बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांनी चिकटून बसते. पाण्यात थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून भांडं एकदा तसंच चालवा आणि मग साध्या पाण्याने दोनदा, म्हणजे चकती सुटते आणि नळीही साफ होते.

धुणं

कॉफीत तेल असतं. ते नळीच्या आत आणि वाटीच्या भोकांत बसतं, काही दिवसांत खवट होतं आणि पुढची नीट केलेली कॉफीही कडवट लागायला लागते. नुसत्या विसळण्याने ते निघत नाही. बाटली धुण्याचा बारीक ब्रश नळीतून दोन्ही बाजूंनी फिरवा. महिन्यातून एकदा खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात वाटी आणि नळी अर्धा तास भिजवून ठेवा. भांडं झाकण उघडं ठेवून वाळवा. चोथा शेतात खताच्या ढिगावर टाका, पण प्लास्टिकच्या पुड्या तेवढ्या परत आणा.